सामन्याची पिशवी : काय न्यावे आणि कोणाच्या हाती द्यावे

पावसाळा मध्यावर आला की शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम सुरू होतो. आधी तालुका, मग जिल्हा, पुढे विभाग आणि राज्य अशा पायऱ्या. १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे गट. कोल्हापूरसारख्या ठिकाणी, जिथे पेठापेठांतील तालमींचे फुटबॉल संघ आहेत, तिथे तर घराघरांत या स्पर्धांची चर्चा असते. शाळेकडून बहुधा एकच क्रीडाशिक्षक संघासोबत असतो. आई-वडील कामावर गेलेले असतात. त्यामुळे 'तुम्ही याल का संघाबरोबर?' हा प्रश्न अलीकडे आजी-आजोबांकडे येऊ लागला आहे. आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या वाट्याला हे काम आले असेल, किंवा लवकरच येईल.

या निमित्ताने मुलांचे साहित्य बांधण्याची यादी करायची असते. जर्सी, चेंडू, प्रथमोपचार पेटी, पाणी. अशा याद्या बहुतेक शाळांकडे असतात आणि त्यांत वस्तूंची मोजदाद चांगली असते. परंतु मैदानावर अडचण येते ती वस्तू नसल्यामुळे फार क्वचित. बर्फ आणलेला असतो, पण तो गाडीत राहिलेला असतो, गाडीची किल्ली चालकाकडे असते आणि चालक चहाला गेलेला असतो. म्हणून यादीत वस्तूंच्या पुढे आणखी दोन रकाने हवेत : ही वस्तू कोणाच्या हाती राहील, आणि ती कोणत्या क्षणी लागेल. आजच्या लेखात १४ वर्षांखालील, १६ मुलांचा एक फुटबॉल संघ दिवसभराच्या स्पर्धेला निघाला आहे असे समजून ही यादी एकदा नीट लावून पाहू.

जर्सी : रंग, क्रमांक आणि दोन जादा

सगळे सामान एकाच मोठ्या पिशवीत भरण्याचा मोह टाळावा. तीन वेगळ्या पिशव्या कराव्यात, शक्यतो तीन रंगांच्या. एक कपड्यांची, एक चेंडूंची आणि एक प्रथमोपचाराची. प्रत्येकीचा एकच राखणदार असावा.

कपड्यांच्या पिशवीत १६ जर्सी क्रमांकाच्या क्रमाने घडी घालून ठेवाव्यात. संघाच्या यादीत मुलाच्या नावापुढे जो क्रमांक लिहिला आहे तोच त्याच्या पाठीवर असला पाहिजे. सामन्याआधी तो जुळवून पाहिला जातो. गोलरक्षकाच्या जर्सीचा रंग दोन्ही संघांहून आणि पंचांहून वेगळा असावा लागतो, म्हणून त्याच्यासाठी दोन वेगळ्या रंगांच्या जर्सी ठेवाव्यात. प्रतिस्पर्धी संघाचा रंग आपल्यासारखाच निघाला तर काय, याचीही सोय हवी. दुसरा संच नसल्यास सरावात वापरतात ती बिनबाह्यांची रंगीत बंडी उपयोगी पडते, मात्र ती चालेल का हे आयोजकांना आदल्या दिवशीच विचारावे.

आता एक वैद्यकीय कारण असलेली बाब. फुटबॉलच्या नियमानुसार रक्त येत असलेल्या खेळाडूला मैदानाबाहेर जावे लागते. रक्त पूर्ण थांबल्याशिवाय, आणि अंगावरच्या कपड्यांवर रक्ताचा डाग असेपर्यंत, पंच त्याला परत आत घेत नाहीत. नियम योग्यच आहे. रक्तातून पसरणारे आजार टाळण्याचा तो साधा मार्ग आहे. मुलाचा घोळणा फुटला तर रक्त पाच-दहा मिनिटांत थांबते, परंतु जर्सी मात्र रंगलेली असते. म्हणून कोणालाही न दिलेल्या क्रमांकाच्या दोन जादा जर्सी आणि एक जादा चड्डी पिशवीत सर्वांत वर ठेवावी. जर्सी बदलली की नवा क्रमांक पंचांना सांगावा लागतो, हेही राखणदाराने ध्यानात ठेवावे.

नडगीचे संरक्षक, म्हणजे शिनगार्ड, हे सक्तीचे साहित्य आहे. थोरल्या भावाचे मोठे शिनगार्ड धाकट्याला दिले तर ते धावताना फिरतात आणि नडगी उघडी पडते. गुडघ्याच्या थोडे खाली सुरू होऊन घोट्याच्या थोडे वर संपेल अशा मापाचे ते हवे, आणि मोजा त्यावरून पूर्ण ओढलेला हवा. बूट नवे असतील तर ते स्पर्धेच्या दिवशी प्रथम घालू नयेत. टाचेला फोड आलेले मूल लंगडत खेळते, आणि लंगडत खेळणाऱ्याचा घोटा अधिक सहज मुरगळतो.

कानातील बाळी, हातातील कडे, गळ्यातील साखळी किंवा मनगटावरचे धागे यांबाबत घरी आधीच बोलून घ्यावे. दागिने काढल्याशिवाय खेळू देत नाहीत. त्यांवर चिकटपट्टी लावलेली चालत नाही. ऐनवेळी मैदानावर काढलेली सोन्याची बाळी हरवल्याची उदाहरणे कमी नाहीत. ती घरीच काढून ठेवणे उत्तम. तसे राहूनच गेले, तर प्रत्येकाचे नाव लिहिलेल्या छोट्या पाकिटात घालून ती एकाच व्यक्तीकडे द्यावी.

चेंडू : हवा किती?

सामन्याचा चेंडू बहुधा आयोजक देतात, तरीही आपला एक चांगला चेंडू आणि सरावाचे चार असे पाच चेंडू पुरेसे होतात. चेंडूचे माप स्पर्धेच्या परिपत्रकात पाहावे. लहान मुलांसाठी क्रमांक ४ चा चेंडू वापरतात, मोठ्यांसाठी क्रमांक ५ चा. मोठ्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. क्रमांक ४ त्याहून लहान व हलका. ज्या मापाने सामना व्हायचा, त्याच मापाने महिनाभर सराव झालेला असावा.

चेंडूंच्या पिशवीत पंप, दोन सुया आणि शक्य असल्यास हवेचा दाब मोजण्याचे छोटे यंत्र ठेवावे. सुई कोरडी खुपसली तर आतील रबरी झडप फाटते, म्हणून ती आधी पाण्याने ओली करावी. सामन्याच्या चेंडूतील दाब नियमानुसार समुद्रसपाटीला ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे पंपावरील काट्याच्या भाषेत सुमारे साडेआठ ते साडेपंधरा असतो. लहान मुलांसाठी तो खालच्या बाजूस ठेवावा. दगडासारखा टणक चेंडू पायाला बरा वाटतो, पण तोच डोक्यावर किंवा चेहऱ्यावर आदळला तर आघात अधिक होतो.

पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी. शिवण उसवलेला किंवा वरचे आवरण झिजलेला जुना चेंडू पाणी पितो आणि जड होतो. असा चेंडू सरावातूनही बाद करावा. डोक्याने चेंडू मारण्याचा सराव लहान वयात मर्यादित ठेवावा, असा विचार आता अनेक देशांत रुजला आहे. अमेरिकेतील फुटबॉल संघटनेने १० वर्षे व त्याखालील मुलांसाठी तो बंदच केला, तर इंग्लंडने प्राथमिक शाळांतील सरावातून तो वगळण्याचा सल्ला दिला. आपल्याकडेही सामन्याआधीच्या पंधरा मिनिटांच्या सरावात वारंवार डोक्याने चेंडू मारायला लावण्याचे काही कारण नाही.

प्रथमोपचार : थोडे, पण हाताशी

तिसरी पिशवी आकाराने सर्वांत लहान असते, आणि ती राखीव खेळाडूंच्या बाकाशेजारी, राखणदाराच्या पायाशी असली पाहिजे. तिच्यात काय असावे हे मैदानावर खरोखर काय घडते यावरून ठरवावे. १६ मुलांच्या दिवसभराच्या खेळात खरचटणे, घोळणा फुटणे, घोटा मुरगळणे, पायात गोळा येणे, दमून गळून जाणे आणि क्वचित डोक्याला मार लागणे, एवढेच बहुधा घडते.

खरचटलेल्या जखमेसाठी सर्वांत महत्त्वाचे औषध म्हणजे स्वच्छ पाणी. चिखलाच्या मैदानावर गुडघा फुटला तर त्यात माती आणि वाळू राहते. पिण्याच्या पाण्याची बाटली हळूहळू ओतून ती धुऊन काढावी, निर्जंतुक जाळीच्या कापडाने टिपावे, पोव्हिडोन आयोडीन लावावे आणि झाकावे. कापूस थेट जखमेवर ठेवू नये. त्याचे तंतू चिकटून राहतात. हळदपूड किंवा चहाची पूड तर नकोच, ती डॉक्टरांना पुन्हा धुऊन काढावी लागते. मुलाला धनुर्वाताची लस कधी दिली हे मात्र माहीत हवे. सरकारी लसीकरणात ती १० आणि १६ व्या वर्षी पुन्हा देतात, आणि दहाव्या वर्षीची राहून गेलेली मुले बरीच आढळतात.

घोळणा फुटल्यास मुलाला मान मागे टाकायला सांगण्याची जुनी सवय सोडावी. त्याने रक्त घशात उतरते आणि उलटी होते. मुलाला बसवून पुढे झुकवावे, नाकाचा हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरावा आणि घड्याळ लावून सलग दहा मिनिटे सोडू नये. मधूनमधून 'थांबले का' हे पाहत राहिल्याने रक्त थांबायला उशीर होतो.

मुरगळलेल्या घोट्यासाठी बर्फ लागतो. घरून रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बर्फाचे खडे न्यावेत आणि सोबत चार-पाच बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या व पंचे ठेवावेत. पिशवीत बर्फ आणि थोडे पाणी घालून, पंचात गुंडाळून, पंधरा ते वीस मिनिटे धरावा. थेट त्वचेवर बर्फ ठेवल्यास त्वचा जळते. नंतर १० सेंटिमीटर रुंदीचे क्रेप बँडेज बोटांकडून वर बांधत न्यावे आणि पाय उंच ठेवावा. बोटे गार, निळसर किंवा बधिर वाटली तर बँडेज घट्ट झाले आहे, ते लगेच सैल करावे. तेल लावून चोळणे आणि आंबेहळदीचा गरम लेप, या दोन्ही गोष्टी पहिले दोन दिवस टाळाव्यात; ताज्या दुखापतीत त्यांनी सूज वाढते. मुलाला त्या पायावर चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडावरच बोट ठेवले असता दुखत असेल, तर क्ष-किरण तपासणी करून घ्यावी. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी वाढीचा कोवळा थर असतो. मोठ्या माणसाचा जिथे फक्त स्नायुबंध ताणला जातो, तिथे मुलाच्या त्या थराला इजा होऊ शकते.

पाण्याची सोय प्रथमोपचाराचाच भाग समजावी. प्रत्येकाची नाव लिहिलेली बाटली आणि भरून घेण्यासाठी वीस लिटरचे दोन जार. क्षारसंजीवनीची दहा पाकिटे पुरतात, पण सोबत एक लिटरची खूण असलेली बाटली हवी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवलेले मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळायचे असते. पेल्यात अर्धे पाकीट ओतून दिले तर मीठ अती होते आणि मुलाला उलटी होऊ शकते.

या पिशवीत काय नसावे, हेही तितकेच महत्त्वाचे. आपल्या स्वतःच्या वेदनाशामक गोळ्या मुलांना देऊ नयेत. ॲस्पिरिन तर मुलांना मुळीच देऊ नये. शिवाय डोक्याला मार लागलेल्या मुलाला गोळी दिली की वाढत जाणारी डोकेदुखी, जी आपल्याला सावध करणारी खूण असते, तीच झाकली जाते. दमा असलेल्या मुलाचा पंप मात्र हवाच. तो नाव लिहून, स्पेसरसह, मैदानाच्या कडेलाच ठेवावा आणि कसा द्यायचा हे त्याच्या आई-वडिलांकडून आदल्या दिवशी लिहून घ्यावे.

एक दिवस, एक टक्कर

गेल्या हंगामातील एक प्रसंग सांगतो. टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा नातवाच्या संघाबरोबर जाणार होते. ते यादीची वही घेऊन माझ्याकडे आले. वस्तू सगळ्या होत्या. पुढचा रकाना कोरा होता. आम्ही मिळून नावे भरली. कपडे आणि चेंडू एका पालकांकडे, दूरध्वनी क्रमांकांचा कागद आजोबांकडे. प्रथमोपचाराची पिशवी दुसऱ्या एका मुलाच्या आजींकडे, ज्या निवृत्त शिक्षिका होत्या. आजींना आणखी एक काम दिले : सामना पाहायचा नाही, फक्त मुले पाहायची.

दुसऱ्या सामन्यात उंच आलेल्या चेंडूसाठी दोन मुले उडाली आणि डोक्याला डोके आपटले. आपला मुलगा खाली बसला, क्षणभराने उठला आणि हाताने 'ठीक आहे' अशी खूण केली. भुवईवर छोटी जखम होती, जर्सीवर रक्त होते. पंचांनी खूण केल्यावर आजी आत गेल्या आणि त्याला बाहेर आणले. जखमेवर घडी दाबून धरली. सात-आठ मिनिटांत रक्त थांबले. जादा जर्सी तयार होती. सामना बरोबरीत होता आणि सरांना तो परत हवा होता, मुलालाही जायचे होते.

इतक्यात तो आजींना म्हणाला, "आजी, आपले किती गोल झाले?" त्यांनी सांगितले. दोन मिनिटांनी त्याने तेच पुन्हा विचारले. पहिल्या सामन्यात कोणाशी खेळलो हे त्याला आठवेना. आजींनी सरांना शांतपणे सांगितले, "सर, हा आज खेळणार नाही." सरांनी तो निर्णय मानला, कारण सकाळीच तसे ठरले होते : डोक्याच्या दुखापतीत शेवटचा शब्द पिशवी सांभाळणाऱ्याचा.

याला कन्कशन म्हणतात, मेंदूला बसलेला हादरा. बाहेरून जखम अगदी लहान असू शकते, किंवा नसतेही. बेशुद्ध पडणे आवश्यक नाही; बहुसंख्य मुले शुद्धीवरच असतात. खुणा साध्या असतात : तोच प्रश्न पुन्हा विचारणे, गोंधळलेली नजर, उभे राहताना तोल जाणे, डोके दुखणे, मळमळ, प्रकाश नकोसा वाटणे, नेहमीपेक्षा गप्प किंवा चिडचिडे होणे. म्हणून मुलाला 'कसा आहेस?' असे विचारू नये, त्याचे उत्तर नेहमी 'बरा आहे' हेच येते. 'आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा सामन्याचा कितवा भाग? शेवटचा गोल कोणी केला?' असे विचारावे. संशय आला तरी पुरे, त्या दिवशी मूल पुन्हा मैदानात उतरत नाही. कारण पहिल्या हादऱ्यातून सावरण्याआधी दुसरा आघात झाला तर तो कितीतरी अधिक घातक ठरू शकतो.

आजोबांनी कागदावरून मुलाच्या वडिलांना फोन केला. मुलाला एकटे सोडले नाही, गोळी दिली नाही. तासाभरात त्याला दोनदा उलटी झाली, तेव्हा वाट न पाहता त्याला रुग्णालयात नेले. तेथे डोक्याची तपासणी झाली, रक्तस्राव आढळला नाही, आणि रात्रभर निरीक्षणाखाली ठेवून सकाळी घरी सोडले. पहिले दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल-दूरदर्शन कमी, मग हळूहळू शाळा. शाळेत दिवसभर बसूनही डोके दुखेनासे झाल्यावर चालणे, मग धावणे, मग चेंडूसह एकट्याने सराव, आणि शेवटी डॉक्टरांच्या परवानगीने सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस. त्रास वाढला की एक पायरी मागे. तो मुलगा महिनाभराने खेळू लागला.

तात्काळ रुग्णालयात नेण्याच्या खुणा पाठ असाव्यात : वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, बेशुद्धी किंवा वाढती गुंगी, दोन-दोन दिसणे, हातापायांत बधिरपणा वा अशक्तपणा आणि मानेत दुखणे. मान दुखत असेल किंवा मूल बेशुद्ध असेल, तर त्याला उचलून बाजूला आणण्याची घाई करू नये. ते श्वास घेत आहे ना हे पाहावे, डोके-मान हलू देऊ नये आणि १०८ वर फोन करावा. बेशुद्ध मुलाला उलटी होऊ लागली, तर मात्र मान शरीराच्या सरळ रेषेत ठेवून दोघा-तिघांनी मिळून त्याला एकदम कुशीवर वळवावे.

कामांची वाटणी

या प्रसंगात उपयोगी पडल्या त्या पिशवीतल्या तीनच वस्तू : जाळीची घडी, जादा जर्सी आणि क्रमांकांचा कागद. मुलाला वाचवले ते वाटणीने. म्हणून सकाळी निघण्यापूर्वी चार कामे चार माणसांना मोठ्याने वाचून द्यावीत.

पहिले, कपडे व चेंडू. दुसरे, प्रथमोपचार आणि मुलांवर नजर. या माणसाने सामन्यात रमू नये. तिसरे, कागद : प्रत्येक मुलाच्या पालकांचे दोन क्रमांक, रक्तगट ठाऊक असल्यास तो, दमा, फेफरे, मधुमेह किंवा औषधांची ॲलर्जी यांची नोंद, आणि मैदानाजवळच्या रुग्णालयाचा पत्ता. फोनची बॅटरी संपते, म्हणून हे कागदावरच असावे. चौथे, गाडी आणि आभाळ. गाडीची किल्ली कोणाकडे, गाडी कुठे उभी, रुग्णवाहिका आत येण्याची वाट मोकळी आहे का, हे त्याने पाहायचे.

आभाळाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा चमकतात, आणि मोकळ्या मैदानावर मुले हीच सर्वांत उंच वस्तू असतात. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज आपल्यापर्यंत पोहोचू शकते असे समजावे. पंचांना लगेच सांगून मुलांना पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत न्यावे. झाडाखाली, तंबूत किंवा उघड्या पत्र्याच्या छपराखाली थांबू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर तीस मिनिटे बाहेर येऊ नये.

आणि स्वतःची पिशवी

चौथी छोटी पिशवी आपली. सामने उशिरा सुरू होतात आणि जेवण लांबते. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सकाळी घेऊन वेळेवर खाल्ले नाही, तर मैदानावरच साखर उतरू शकते. घाम, थरथर, गोंधळ अशी लक्षणे वाटताच घेण्यासाठी चार चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी, आणि नंतर खायला पोळी-भाजीचा डबा हवा. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी किती आणि गोळी कधी, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारावे. घडीची खुर्ची, टोपी, छत्री आणि स्वतःच्या औषधांची लेखी यादी सोबत असावी. चेंडूंची पोती आणि पाण्याचे जार आपण उचलू नयेत. ते काम राखीव खेळाडूंचे आहे, आणि त्यांना ते आवडते. ओल्या मैदानावर कोणी पडले म्हणून धावत सुटू नये. घसरून मांडीचे हाड मोडलेले आजोबा संघाला परवडणारे नाहीत.

कापून ठेवण्यासाठी

आदल्या रात्री : १६ जर्सी क्रमांकाने, दोन जादा, गोलरक्षकाच्या दोन, चड्ड्या व मोजे, एक जादा चड्डी, शिनगार्ड, पाच चेंडू, पंप, दोन सुया, निर्जंतुक जाळीच्या दहा घड्या, पोव्हिडोन आयोडीन, चिकटपट्टी, चार क्रेप बँडेज, कात्री, हातमोज्यांचे सहा जोड, पंचे, प्लास्टिकच्या पिशव्या, क्षारसंजीवनीची दहा पाकिटे आणि एक लिटरची बाटली, दम्याचा पंप, क्रमांकांचा कागद.

सकाळी : बर्फ, पाण्याचे जार, दागिने काढले का, चार कामे चार नावांना.

सामन्यांदरम्यान : ओल्या जर्सी बदलणे, पाणी, प्रत्येक मुलाकडे एकदा नजर.

परतल्यावर : काय वापरले ते त्याच संध्याकाळी लिहून भरून ठेवणे; जर्सी थंड पाण्यात भिजवणे, कारण गरम पाण्याने रक्ताचा डाग पक्का होतो; आणि ज्या मुलाच्या डोक्याला मार लागला त्याच्या घरी रात्री झोपण्यापूर्वी एक फोन.